शब्द शेपटीकडून वाचावा

मंडळी, आमच्या फोंड्याच्या शेजारी एक काकी राहतात. पायांना सूज म्हणून त्या लघवीची गोळी घेत. एकदा मांड्या गळून गेल्या, उठवेना. रक्त तपासलं. लेकाने फोनवर ऐकलं ‘हायपरकॅलेमिया’. त्याने लगेच आईचं शहाळं आणि केळं बंद केलं. मी कागद बघितला, तर त्यावर ‘हायपोकॅलेमिया’ होतं. एका अक्षराचा फेर, आणि उपाय नेमका उलटा.

असा शब्द मी शेपटीकडून वाचतो. ‘-एमिया’ म्हणजे रक्तात. मूळ ग्रीक ‘हायमा’, रक्त. मधला ‘कॅल’ म्हणजे पोटॅशियम. अरबीत ‘कली’ म्हणजे झाडं जाळून उरलेली राख, भांडी घासायला आपल्या आज्या वापरत तशीच. त्यावरून लॅटिन ‘कॅलियम’ झालं, म्हणून रिपोर्टवर पोटॅशियमपुढे K दिसतो.

राहिलं डोकं. ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ ही एकाच घरातली भावंडं: वर, जास्त. ‘हायपो’ आणि आपला ‘उप’ हीसुद्धा तशीच. उपसरपंच सरपंचाच्या खालचा असतो, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. म्हणजे काकींच्या रक्तात पोटॅशियम कमी. कागदावर आकडा होता 2.9. साधारण 3.5 ते 5 असायला हवा. लघवीची काही औषधं पोटॅशियम बाहेर टाकतात, आणि ते घटलं की स्नायू ढिले पडतात. मांड्या का गळाल्या, ते इथे कळतं.

पण ‘लघवीच्या गोळीमुळे’ हे शब्दात कुठेच नाही, बरं का! उलट्या-जुलाबांनीही पोटॅशियम घटतं. शब्द फक्त काय आणि कुठे एवढंच सांगतो, कारण डॉक्टरांनाच शोधावं लागतं. काही शब्द तर अतिशयोक्ती करतात. ‘ॲनिमिया’तला ‘अन्’ आपल्या ‘अनादि’तलाच. अक्षरशः अर्थ रक्तच नाही! प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी असतं, एवढंच.

आता खरी फसवी जागा. ‘हायपोकॅलेमिया’ आणि ‘हायपोकॅल्सेमिया’, दोन्ही मराठीत भराभर म्हणून बघा. दुसऱ्यात ‘कॅल्स’ आहे, लॅटिन ‘कॅल्क्स’, म्हणजे चुना. ते कॅल्शियम. फोनवर हा ‘स’ सहज गिळला जातो. म्हणून मी लोकांना म्हणतो, नाव ऐकू नका, रिपोर्टचा फोटो मागवा आणि बघा, आकड्यापुढे K आहे की Ca.

काकींच्या लेकाला मी ते दाखवलं, मग त्याने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पोटॅशियमचं औषध दिलं, आधीची गोळी बदलली. शहाळं चालेल का, हे मात्र काकींनी स्वतःच विचारलं.