‘थ’ जड कसा झाला?

(एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, देवनागरीतील पद्याची पहिली ओळ वाचायला शिकणाऱ्याने कोठे थांबावे, म्हणजे एक अक्षर कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, याविषयी मी आज बोलणार आहे. त्यासाठी रामरक्षेतील एकच ओळ घेतो, कारण ती आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे, आणि तोंडपाठ असल्यामुळेच ती आपण कधी वाचलेली नाही.

चरितं रघुनाथस्य शतकोटिप्रविस्तरम् ।

आमच्या रविवारच्या वर्गात एक कानडीभाषक गृहिणी येत असत. सासरी रोज संध्याकाळी कानावर पडणारे स्तोत्र त्यांना पुस्तकातून वाचायचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी पहिला शब्द ‘चारतं’ असा वाचला आणि मागच्या बाकावरून कोणी तरी हसले. मी मात्र त्यांचे मनोमन आभार मानले, कारण त्यांनी डोळ्यांना जे दिसले तेच प्रामाणिकपणे वाचले होते. ‘च’च्या लगेच उजवीकडे एक उभी रेघ दिसते, आणि अक्षराच्या उजवीकडची उभी रेघ म्हणजे काना, हे त्यांना आदल्याच आठवड्यात मीच शिकवले होते. ती रेघ ‘च’चा काना नसून पुढच्या ‘र’ची पहिली वेलांटी आहे हे ओळखायचे असेल, तर रेघेकडे न पाहता तिच्या माथ्यावरच्या कमानीकडे पाहावे. कमान उजवीकडे झुकून ज्या अक्षराला कवेत घेते, त्याच अक्षराची ती वेलांटी. दुसऱ्या वेलांटीत रेघ अक्षरानंतर येते आणि कमान मागे वळते. पहिली वेलांटी लिहिताना आधी आणि उच्चारताना नंतर येते. ही विसंगती आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी दाखवून दिली, तर आपल्याला राग येतो.

जोडाक्षरांकडे वळण्यापूर्वी मला एक जुने गाऱ्हाणे मांडू द्या. नवशिक्यांसाठी छापलेले एक पत्रक माझ्या हाती आले होते. कोणी छापले ते सांगत नाही. पत्रककर्त्याने वाचकावर दया करून सगळी जोडाक्षरे फोडली होती: ‘रघुनाथस् य’, ‘शतकोटी प् रविस् तरम्’. परिणाम असा झाला की वर्गातील निम्मी मंडळी पाय मोडलेल्या प्रत्येक अक्षरापाशी थबकू लागली, आणि थबकले की तोंडातून आपोआप ‘अ’ निसटतो. त्यामुळे ‘प् रविस् तरम्’चे ‘परविसतरम्’ झाले. त्यात ‘कोटि’चे ‘कोटी’ करून मराठी शुद्धलेखनही सांभाळले होते! संस्कृत समासात तेथे ऱ्हस्वच हवे. पण ही चूक ऐकताना फारशी खटकत नाही, आणि का खटकत नाही ते पुढे सांगतो. सांगायचे विसरलो तर आठवण करा.

या ओळीत जोडाक्षरे तीनच आहेत. ‘स्य’ आणि ‘स्त’ सोपी आहेत, कारण ‘स’चा दंड गळाला की तो अर्धा झाला हे दिसते. ‘प्र’ मात्र फसवा आहे. त्यात ‘प’ दंडासकट अखंड उभा असतो आणि ‘र’ केवळ एक तिरकी रेघ होऊन त्याला टेकतो, म्हणून नवशिक्याला ‘प’ पूर्ण आणि ‘र’ अर्धा वाटतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे: ‘प्’ अर्धा आणि ‘र’ पूर्ण. याचे विरुद्ध टोक म्हणजे ‘धर्म’मधला रफार, तो ‘म’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारात त्याच्या आधी येतो. ‘र’ने आपल्या लिपीत जितकी सोंगे घेतली आहेत तितकी दुसऱ्या कोणत्याही व्यंजनाने घेतलेली नाहीत, पण त्यावर बोलू लागलो तर ही सभा रात्रीच्या जेवणापर्यंत चालेल.

मराठी माणसाची अडचण निराळी असते. आमच्या वर्गातील एक निवृत्त गृहस्थ स्तोत्र पाठ म्हणताना कधी चुकत नसत, पण पुस्तक समोर ठेवले की दुसऱ्या चरणात त्यांची सातच अक्षरे भरत. आम्ही बोटे मोजून पाहिली, तेव्हा दोष सापडला: ते ‘शत्कोटि’ म्हणत होते. मराठीत आपण ‘करवत’ लिहितो आणि ‘कर्वत्’ म्हणतो; लिहिलेला ‘अ’ गिळण्याची ही सवय आपण संस्कृत वाचतानाही सोबत नेतो. श-त-को-टि-प्र-वि-स्त-रम् अशी आठ अक्षरे भरली नाहीत, तर कोठे तरी ‘अ’ गिळला गेला आहे असे समजावे. नऊ भरली, तर कोठे तरी जोडाक्षर फुटले आहे. शेवटच्या ‘म्’ला स्वर नाही, म्हणून तो मोजायचा नाही, तो ‘र’च्या पदरात जातो.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. मूळ मुद्दा राहिलाच आहे, तो आता घाईने सांगावा लागेल.

अक्षरे मोजताना आपण ‘थ-स्य’ असे तोडतो, पण कान ‘थस्-य’ असे तोडतो. जोडाक्षरातील पहिले व्यंजन उच्चारात मागच्या अक्षराला चिकटते, आणि त्या भाराने मागचे ऱ्हस्व अक्षरही गुरू होते. हे छंदावरून पडताळता येते. रामरक्षेचा छंद अनुष्टुप, म्हणजे आठ-आठ अक्षरांचे चार चरण, एकूण ३२ अक्षरे. त्याचा रूढ नियम असा की प्रत्येक चरणात पाचवे अक्षर लघू आणि सहावे गुरू असावे. सातवे पहिल्या व तिसऱ्या चरणात गुरू, तर दुसऱ्या व चौथ्या चरणात लघू असावे. पहिल्या चरणात पाचवा ‘घु’ लघू आणि सहावा ‘ना’ गुरू आहे. सातवा ‘थ’ दिसायला लघू आहे, पण पुढच्या ‘स्य’मुळे तो गुरू होतो आणि नियम पाळला जातो. दुसऱ्या चरणात सहावा ‘वि’ पहिल्या वेलांटीचा असूनही ‘स्त’मुळे गुरू आहे, आणि ‘स्त’ स्वतः जोडाक्षर असूनही लघूच राहतो, कारण भार मागे पडतो, स्वतःवर नाही. ‘कोटी’ का खटकत नाही, तेही येथेच कळते: ‘टि’ पुढच्या ‘प्र’मुळे आधीच गुरू झालेला आहे.

हा नियम मराठीत जसाच्या तसा लावू नये. ‘पुण्याचा’ हा शब्द पाप-पुण्यातला असेल तर ‘पु’वर आघात येतो, पुणे शहराचा असेल तर येत नाही. लिपी दोन्ही वेळा एकच आहे, आणि कोणता ‘पुण्याचा’ म्हणायचा हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे असते. (हशा.) ‘तुझ्या’मधील ‘तु’सुद्धा असाच हलका राहतो.

वेळ संपली, म्हणून पुढची ओळ तुमच्यावर सोपवतो: ‘एकैकमक्षरं पुंसां महापातकनाशनम्’. त्यातला ‘म’ मागच्या ‘एकैकम्’चा शेवट आणि पुढच्या ‘अक्षरम्’चा आरंभ एकत्र होऊन बनला आहे, आणि ‘क्ष’मुळे तो चौथा गुरू झाला आहे. पाचवा कोणता आणि तो लघू का, हे घरी जाताना बोटांवर मोजा.