शेवटचा हप्ता भरला, आता कागद हातात घ्या

नमस्कार मंडळी. समजा, दारव्ह्याच्या एका भावानं बँकेकडून घरकर्ज घेतलं आणि १० जूनला शेवटचा हप्ता भरला. तो म्हणेल, संपलं कर्ज. पण खात्यावर मधल्या दिवसांचं व्याज किंवा कधीकाळी हप्ता चुकल्याचा दंड, असे दोन-अडीचशे रुपये राहिलेले असू शकतात. तेवढ्यासाठी खातं उघडं राहतं आणि बेबाकी दाखला अडतो. म्हणून त्याच दिवशी शाखेत जाऊन खातेउतारा मागा. बाकी शून्य दिसली पाहिजे. काही निघत असेल तर तिथेच भरून पावती घ्या.

त्यानंतर लेखी अर्ज द्या: 'बेबाकी दाखला द्यावा आणि मूळ कागदपत्रं परत करावीत.' अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं पुढं कोणी मान्य करत नाही.

पूर्ण फेडीची तारीख का महत्त्वाची? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. घरकर्ज, शैक्षणिक कर्ज अशा वैयक्तिक कर्जांची पूर्ण फेड झाली की ३० दिवसांत सगळी मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आपल्या भावाला १० जुलैपर्यंत कागद मिळायला हवेत. ते २५ जुलैला मिळाले, तर १५ दिवसांचे ७५,००० रुपये त्याच्या हक्काचे. पीककर्ज मात्र या वैयक्तिक कर्जांत मोडत नाही, हे ध्यानात असू द्या.

"कागद मुख्य कार्यालयात आहेत, सापडत नाहीत," असंही ऐकायला मिळतं. कागद बँकेकडून हरवले, तर नक्कल किंवा प्रमाणित प्रत मिळवून देणं आणि खर्च सोसणं बँकेचंच काम. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे एकूण ६०. त्यापुढं भरपाई सुरू.

कागद घेताना घाई करू नका बाप्पा! कर्ज घेताना जमा केलेल्या कागदांची यादी सोबत न्या. खरेदीखत मूळच आहे का, पानं पूर्ण आहेत का, हे तिथेच बसून पाहा आणि मगच पोचपावतीवर सही करा. जामीन म्हणून दिलेले कोरे धनादेशही मागून घ्या.

आणि सातबारा! प्लॉटच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्कात' बँकेचं नाव चढलेलं असेल, तर दाखला मिळाल्यानं ते आपोआप जात नाही. बोजा कमी करण्याचं बँकेचं पत्र तलाठ्याकडे जावं लागतं, मग फेरफार होतो. महिनाभरानं नवा उतारा काढून बघा. नाव तसंच असेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.