‘तीन महिने नोटीस’ म्हणजे नेमकी कोणती तारीख?

परदेशातून परतणाऱ्यांचे मेल भरतीवाल्यांकडे येतात, त्यातली बरीचशी पहिल्या परिच्छेदातच अडखळतात. आईवडिलांचं वय, मातीची ओढ, मुलांना आजी-आजोबा मिळावेत... सगळं खरं असतं. पण वाचणाऱ्याला दोनच शंका असतात: हा माणूस खरंच येणार का, आणि कधी येणार? ओढीने त्यांचं उत्तर मिळत नाही, ठरलेल्या गोष्टींनी मिळतं. ‘पत्नी आणि मुलं जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला येताहेत, शाळेचा प्रवेश झाला आहे’ हे एक वाक्य पुरतं.

आज मला जास्त बोलायचंय ते नोटीसबद्दल. कारण तिथे दोन देशांची कॅलेंडरं एकमेकांत अडकतात, आणि ते कोणी समजावून सांगत नाही.

समजा तुम्ही म्युनिकला नोकरी करताय. करारात नोटीस तीन महिन्यांची आहे, पण पुढे लिहिलंय, ‘तिमाहीअखेर’. जर्मनीत असे करार बरेच असतात. भारतातला भरतीवाला ‘तीन महिने’ वाचतो आणि राजीनाम्याच्या दिवसापासून ९० दिवस मोजतो. तुमचा हिशेब तसा चालत नाही. राजीनामा ३१ मार्चपर्यंत कंपनीच्या हातात पडला, तर तुम्ही ३० जूनला सुटता. २ एप्रिलला पडला, तर थेट ३० सप्टेंबरला. दोन दिवस उशीर आणि तीन महिने गेले! शिवाय तिथे राजीनामा कागदावर, सहीनिशी द्यावा लागतो. मेलवर पाठवलेला कायद्याने चालत नाही. टपालाचे दिवसही त्यात धरा.

म्हणून मेलमध्ये ‘नोटीस: तीन महिने’ लिहून थांबू नका. मेल अर्थात इंग्रजीत जाईल, आशय असा ठेवा: ‘लेखी ऑफर २० मार्चपर्यंत मिळाली तर मी ३० जूनला मोकळा होतो आणि १५ जुलैला रुजू होऊ शकतो. त्यानंतर मिळाली तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबावं लागेल.’ ही धमकी नव्हे. भरतीवाल्याला आपल्या मॅनेजरकडे जाऊन घाई करायला कारण मिळतं, आणि त्याला तेच हवं असतं.

मग तिकडून हमखास विचारणा येते, ‘नोटीस बाय-आउट होईल का?’ भारतात बऱ्याच कंपन्यांत उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं. जर्मनीत पैसे टाकून निघता येत नाही. दोन्ही बाजूंनी मिळून करार लवकर संपवायला कंपनीची संमती लागते. ती मिळेल असं गृहीत धरून आधीची तारीख कळवू नका. शिल्लक रजा लावून ऑफिस लवकर सुटेल, पण करार ३० जूनपर्यंत चालूच असतो. तोवर दुसरीकडे रुजू झालात तर अडचणीत याल.

आता पगार. ८०,००० युरो गुणिले विनिमय दर, असा आकडा लिहू नका. हिशेबाला सोपा म्हणून ९० रुपये दर धरला, तर ७२ लाख होतात आणि बोलणं तिथेच थांबतं. त्यात तुलनाही चुकीची. तुमच्या युरोतल्या पगारात कंपनी भरते तो सामाजिक विम्याचा वाटा धरलेला नसतो. भारतातल्या सीटीसीत मात्र कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा येतो, आणि बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही.

४० लाखांचा सीटीसी उलगडून बघा. ६ लाख व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून. उरले ३४. मूळ वेतन १६ लाख असेल तर त्याच्या १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफ १.९२ लाख, आणि ग्रॅच्युइटी जवळपास ७७ हजार, जी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढल्यावरच मिळते. महिन्याला राहिले सुमारे २.६१ लाख, तेही तुमचा पीएफ आणि कर कापायच्या आधी. म्हणून अपेक्षा लिहिताना फिक्स्ड किती हवा ते लिहा, व्हेरिएबलचं वेगळं बोला. आधीचा पगार विचारला तर युरोत सांगा, रुपयांत फिरवू नका.

कागदांचं एक राहिलं. इथली पार्श्वभूमी-तपासणी रिलीव्हिंग लेटर मागते. जर्मन कंपनी कामाचं प्रशस्तिपत्र देते, पण ते हातात यायला वेळ लागू शकतो. रुजू झाल्याची आणि सुटल्याची तारीख असलेलं साधं पत्र एचआरकडून शेवटच्या आठवड्यातच मागून घ्या. आणि परदेशी जाण्याआधीचा यूएएन असेल तर तोच नव्या कंपनीला द्या.