नेम्ड की कॉन्करंट? ईआरपी लायसन्सच्या ऑडिटमध्ये आकडा नेमका कुठे फुगतो

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला: "आमच्याकडे एका वेळी जेमतेम तीसजण ईआरपी वापरतात, मग व्हेंडर नव्वद लायसन्सं का मागतोय?" आज त्याचंच उत्तर.

व्याख्या झटपट उरकू. नेम्ड म्हणजे लायसन्स माणसाच्या नावावर. तो माणूस रात्री दोनला लॉगिन करो किंवा महिनाभर न करो. कॉन्करंट म्हणजे एका क्षणी किती सेशन उघडी आहेत त्यावर मर्यादा. माणसं कितीही असोत. इतपत सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो मोजताना.

आधी कॉन्करंट घेऊ. समजा एक कारखाना आहे, तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत 30 माणसं, मजल्यावर 30 टर्मिनल. सगळे म्हणतात, टर्मिनलच तीस, तर कॉन्करंट तीसच. चुकीचं. दुपारी दोनला पहिली पाळी सुटते. कामगार लॉगआउट न करता ब्राउझर बंद करतो आणि निघतो. त्याच टर्मिनलवर दुसऱ्या पाळीचा माणूस स्वतःच्या आयडीने लॉगिन करतो. सर्व्हरला पहिला माणूस गेल्याचा पत्ताच नसतो, कारण निष्क्रिय सेशनची मुदत 60 मिनिटं ठेवलेली आहे. म्हणजे दोन ते तीनच्या दरम्यान 30 जुनी आणि 28 नवी, अशी 58 सेशन चालू दिसतात. टर्मिनल मात्र तीसच.

लायसन्स या 58 वर मोजलं जातं, दिवसभराच्या सरासरीवर नाही. सरासरी काढून व्हेंडरशी बोलायला बसणं ही पहिली चूक, कारण करारात साधारणपणे सर्वोच्च क्षण धरलेला असतो. काही उत्पादनांत मर्यादा ओलांडली की पुढच्या माणसाला लॉगिनच मिळत नाही. तिथे निदान लगेच कळतं. काही उत्पादनं मात्र सगळ्यांना आत सोडतात आणि फक्त नोंद ठेवतात. ही दुसरी जात जास्त धोक्याची, कारण त्या नोंदीची पहिली आठवण ऑडिटच्या दिवशी होते.

सर्वोच्च क्षण स्वतः काढायला अवघड नाही. लॉगिन-लॉगआउटच्या नोंदी असलेली टेबल हवी. प्रत्येक लॉगिनला अधिक एक, प्रत्येक लॉगआउटला उणे एक, आणि चालती बेरीज. स्क्रीनवर बघा, टेबलचं नाव तुमच्या सिस्टिमप्रमाणे बदला:

```sql
SELECT t, SUM(d) OVER (ORDER BY t, d DESC) AS chalu
FROM (
  SELECT login_at AS t, 1 AS d FROM sessions
  UNION ALL
  SELECT logout_at, -1 FROM sessions
  WHERE logout_at IS NOT NULL
) x
ORDER BY chalu DESC;
```

यात एक सापळा आहे. सर्व्हर अचानक बंद पडला तर त्या वेळच्या सेशनांना लॉगआउटची वेळच मिळत नाही. ती बेरजेत कायमची चालू राहतात आणि आकडा महिन्यागणिक चढत जातो. म्हणून आधी लॉगआउट नसलेल्या जुन्या नोंदी वेगळ्या काढा आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला ती वेळ त्यांच्या लॉगआउटची धरा. ऑडिटरच्या अहवालात आकडा अवाच्या सवा वाटला तर हीच शंका सर्वांत आधी काढा.

आता हिशेब. समजा एका कॉन्करंट लायसन्सची किंमत दोन नेम्डइतकी आहे. 58 कॉन्करंट म्हणजे 116 नेम्डची किंमत. कामगार एकूण 90, म्हणजे नेम्ड स्वस्त. पण निष्क्रिय मुदत 60 वरून 10 मिनिटांवर आणली, लॉगआउटचं बटण ठळक केलं आणि सर्वोच्च क्षण 34 वर आला, तर 68 नेम्डची किंमत. आता कॉन्करंट स्वस्त. लोक तेच, काम तेच. पाळी बदलतानाच्या त्या एका तासाने निकाल फिरवला. म्हणून कोणतं मॉडेल चांगलं असं विचारणाऱ्यांना माझं एकच म्हणणं असतं, की आधी पाळीबदलाची वेळ मोजा.

पण कॉन्करंट सगळीकडे मिळतंच असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स एनएव्हीमध्ये कॉन्करंट होतं. त्याचं पुढचं रूप बिझनेस सेंट्रल नेम्ड आहे. तिकडे गेलात की 34 चा हिशेब संपला, 90 माणसं मोजायची. मजल्यावरच्या सामायिक टर्मिनलसाठी तिथे डिव्हाइस लायसन्सचाही पर्याय आहे, तो बघितल्याशिवाय नव्वदच्या ऑर्डरवर सही करू नका.

आता नेम्डकडे. इथे मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण बहुतेक दंड तिथूनच येतात: नेम्डमध्ये परवानगी मोजतात, वापर मोजत नाहीत.

पहिला प्रकार, नोकरी सोडून गेलेला माणूस. प्रत्येक व्हिडिओखाली कुणीतरी लिहितंच, "आम्ही गेलेल्यांचे आयडी लॉक करतो, मग ते कसे मोजले जातील?" मोजले जातात! सॅपचं उदाहरण घ्या. तिथे USMM ही मोजणीची ट्रान्झॅक्शन आहे. लॉक केलेला आयडी ती मोजते, कारण लॉक म्हणजे तात्पुरतं दार लावणं. पासवर्ड चुकला तरी लॉक होतो. मोजणीतून वगळला जातो तो वैधता संपलेला आयडी. म्हणून SU01 उघडा, Logon Data या टॅबवर जा आणि Valid through मध्ये त्या माणसाचा शेवटचा कामाचा दिवस टाका. ही तारीख USR02 टेबलमध्ये GLTGB या रकान्यात बसते. तिथे पुढची तारीख किंवा मोकळी जागा, आणि माणूस मात्र एचआरच्या यादीत 'सोडून गेला'; असे जितके आयडी सापडतील तितक्या लायसन्सांचे पैसे फुकट जातात. दोन याद्या एक्सेलमध्ये समोरासमोर ठेवल्या तरी पुरतं.

दुसरा प्रकार, सामायिक आयडी. गोदामात STORE1 नावाचा एक आयडी, तिघे पाळीने वापरतात. "एकच आयडी, एकच लायसन्स" हे नेम्डमध्ये चालत नाही. तीन माणसांना परवानगी दिली आहे, तर लायसन्सं तीन. शिवाय एकाच आयडीवरून एका वेळी अनेक लॉगिन झाली की सॅप ते USR41_MLD या टेबलमध्ये नोंदवतं, आणि ऑडिटर ही टेबल मागतो. तेव्हा STORE1 बद्दल तिथे काय लिहिलंय ते त्याच्याआधी तुम्ही बघा. login/disable_multi_gui_login हा पॅरामीटर 1 केला तर दुहेरी लॉगिन थांबतं. पण पाळीपाळीने तोच आयडी वापरणं त्याने थांबत नाही, त्याला प्रत्येकाचा स्वतंत्र आयडीच लागतो.

तिसरा प्रकार जरा नवा आहे. सॅपच्या एस/4हानाच्या नव्या करारांत लायसन्स मोजायला एफयूई नावाचं एकक आहे. एक ॲडव्हान्स्ड वापरकर्ता म्हणजे 1 एफयूई, पाच कोअर वापरकर्ते मिळून 1, तीस सेल्फ-सर्व्हिसवाले मिळून 1. माणूस कुठल्या गटात जाईल हे तो रोज काय करतो त्यावर नव्हे, तर त्याच्या रोलमध्ये काय आहे त्यावर ठरतं. समजा गोदामाच्या रोलमध्ये 50 माणसं आहेत आणि तो रोल बनवताना कुणीतरी हिशेबखात्याचा रोल कॉपी करून त्यात भर घातली. पन्नासजण दिवसभर फक्त माल आत-बाहेर करतात. कोअर धरले तर 10 एफयूई. पण रोलमध्ये राहून गेलेल्या त्या चार-दोन जास्तीच्या परवानग्यांमुळे ते ॲडव्हान्स्ड ठरले, तर 50. वापर शून्य, बिल पाचपट. रोल साफ करणं हे बेसिस आणि सिक्युरिटीवाल्यांचं काम आहे, पण त्याची किंमत खरेदीखात्याला कळायला हवी, आणि दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

जुन्या करारांत याचीच भावंडं: वर्ग न दिलेला आयडी महागड्या प्रोफेशनल प्रकारात धरला जातो. आणि एकाच माणसाचा एका सिस्टिममध्ये RJOSHI, दुसरीत JOSHIR असेल तर एकत्रीकरणात ती दोन माणसं दिसू शकतात.

आता "मग आम्ही पुढे एक पोर्टल लावू आणि मागे एकच आयडी ठेवू" असं म्हणणाऱ्यांसाठी. डिआजिओ या कंपनीने तेच केलं होतं: ग्राहक आणि विक्री प्रतिनिधी सेल्सफोर्सवरच्या ॲपमधून काम करत होते, माहिती मागे सॅपमध्ये पोचत होती. 2017 मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने हा वापर लायसन्सच्या कक्षेत येतो असं ठरवलं. सॅपची मागणी 5.4 कोटी पौंडांहून जास्त होती. 2018 मध्ये सॅपने अशा अप्रत्यक्ष वापरासाठी कागदपत्रांच्या संख्येवर आधारित पर्याय आणला. म्हणून इंटिग्रेशनच्या आयडीमागे किती माणसं किंवा किती कागदपत्रं आहेत, याची नोंद वेगळी ठेवा.

शेवटी ऑडिटचं पत्र. ओरॅकलच्या करारांत सहसा 45 दिवसांची पूर्वसूचना असते. तुमच्या करारात किती ते आजच वाचून ठेवा, कारण पत्र आल्यावर तो वेळ कुणाला विचारायचं यातच जातो. पत्र आलं की पहिलं काम, उत्तर लेखी द्या आणि एकच माणूस बोलेल हे कळवा. दुसरं, व्याप्ती लेखी मागा: कोणत्या कंपन्या, कोणत्या सिस्टिम, कोणती तारीख. टेस्ट सिस्टिममधले आयडी कसे मोजणार हे तेव्हाच ठरवून घ्या. तिसरं, व्हेंडरची स्क्रिप्ट तुमच्या माणसाने चालवावी आणि निकाल पाठवण्याआधी तुम्ही वाचावा.

आणि पत्र आल्यानंतर आयडी धडाधड पुसू नका. बदलाच्या नोंदीत तारीख राहते आणि तो प्रकार पुरावा लपवल्यासारखा दिसतो. गेलेल्या माणसांची वैधता संपवायची असेल तर एचआरची राजीनाम्याची तारीख सोबत ठेवून, कारण लिहून संपवा, आणि तीच यादी ऑडिटरला स्वतःहून द्या. तफावत उरलीच, तर चर्चा यादीतल्या नावांवरून करा. एकूण आकड्यावर वाटाघाट सुरू झाली की मागचा थकलेला मेंटेनन्सही त्यात हळूच बेरजेला येतो. तो कुठल्या तारखेपासून धरलाय हे प्रत्येक ओळीला विचारा.