भुवईचं टोक आणि रबराची जागा

तर मंडळी, विषय तुम्हाला ठाऊकच आहे. पोनी किंवा अंबाडा किती उंच बांधला आणि किती आवळला, की चेहरा उचललेला किंवा लांब दिसतो. माझं म्हणणं एका वाक्याचं आहे: काम उंची करते आणि श्रेय आवळण्याला मिळतं. पण एका वाक्यासाठी तुम्ही घरून निघाला नसाल, तेव्हा आधी माझी फजिती सांगते. मग मुद्द्यावर येते. वेळ उरला तर.

नाटकांची केशभूषा करायला लागून मला तीनच वर्षं झाली होती. एका प्रयोगात चाळिशीतल्या नटीला पहिल्या अंकात पंचविशीची दिसायचं होतं. चेहरा वर खेचला की वय उतरतं, एवढं ज्ञान मला झालं होतं, आणि अर्धवट ज्ञानाचा हात फार जोरात चालतो. मी तिचा उंच अंबाडा असा आवळला, की तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "अगं, डोळे मिटतायत का बघू दे." मिटत होते. मी खूश.

दिसायलाही छान दिसलं. भुवयांची बाहेरची टोकं वर गेली होती, डोळे तिरपे, तरतरीत. पहिला अंक झकास झाला. दुसऱ्या अंकात तिला वडील गेल्याची बातमी कळते. ती रडते आहे, आवाज फुटतो आहे आणि भुवया मात्र "अय्या, खरंच?" म्हणताहेत! पुढच्या रांगेतून कुणीतरी खुसकन हसलं. मध्यंतरात तिचं कपाळ ठणकायला लागलं आणि तिसऱ्या अंकात तिने एक वाक्य गाळलं. ते वाक्य नेमकं सहनटाच्या प्रवेशाचं होतं, त्यामुळे तो बिचारा विंगेतच उभा. दिग्दर्शक मला काय बोलले ते इथे सांगत नाही, लहान मुलं बसली आहेत. पण एक ऐका. प्रयोग संपल्यावर मी रबर काढलं, तर ती डोक्याला हात लावून म्हणाली, "केस मोकळे सोडले तरी दुखतंय गं, मुळांशी." तेव्हा मला वाटलं नाटक करतेय. नटीच ती.

नाटक नव्हतं ते. पोनीने होणारी डोकेदुखी वैद्यकीय नियतकालिकांतही आली आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 93 बायकांना विचारलं, त्यातल्या 50 जणींना पोनी बांधल्याने डोकं दुखण्याचा अनुभव होता. केसाला स्वतःला काही कळत नाही. दुखतं ते मुळाखालचं कातडं आणि कवटीवरचं पातळ आवरण. (इथे हात वर करा बघू, कुणाकुणाला होतं? बघा. आणि तरीही आज चार जणी आवळूनच आल्या आहेत.)

आता त्या रात्रीची गंमत बघा. तिचा जबडा इंचभरही वर गेला नव्हता. मी पुढे कितीतरी डोकी बांधली, कुणाचाच जात नाही. कारण साधं आहे. कानशिलाजवळची कातडी खालच्या थरावरून सरकते, म्हणून तिथले केस ओढले की भुवईचं टोक आणि डोळ्याचा कोपरा जरासा वर येतो. गालाच्या हाडापाशी आणि कानाच्या पुढे मात्र कातडी आतल्या चिवट धाग्यांनी पक्की बांधलेली असते. ओढ तिथे येऊन थांबते. हनुवटीखालची सैल त्वचा रबराने वर जाईल ही आशा सोडा. आत्ताच करून पाहा: दोन बोटं कानशिलावर, केसांच्या रेषेच्या आत ठेवा आणि तिरकं, मागे-वर सरकवा. भुवई हलली? ओठाचा कोपरा हलला? नाही ना? आणि जे हललं तेही टिकत नाही. सतत ताणलेली त्वचा हळूहळू ढिली पडते, केस रबरातून थोडे थोडे निसटतात, आणि तासा-दोन तासांत भुवई घरी परतते. डोकेदुखी मात्र मुक्कामाला राहते.

मग चेहरा वर उचलल्यासारखा दिसतो कशामुळे? रेघेमुळे. एक पेन्सिल घ्या. तिचं एक टोक हनुवटीवर टेकवा आणि ती गालावरून कानाच्या वरच्या कडेला लागू द्या. तीच रेघ तशीच मागे नेली, की डोक्याच्या मागच्या वरच्या गोलाईवर, बहुतेकींच्या भोवऱ्याच्या आसपास एक जागा येते. आम्ही तिला गोल्डन पॉइंट म्हणतो. पोनी तिथे बांधली की गालाच्या हाडाची तिरकी रेघ पुढे केसांतही चालू राहते, आणि बघणाऱ्याची नजर हनुवटीवरून वर चढते. कातडी एक मिलिमीटरही न हलता! तीच पोनी मानेच्या खळग्यात आणा, नजर खाली उतरते, चेहरा शांत आणि जबडा जरा जड वाटतो. कधी कधी तेच हवं असतं, शोकाच्या प्रवेशाला तर हवंच. आणि भोवऱ्याच्याही पुढे, थेट टाळूवर बांधलीत तर उचललेपणा कमी आणि लांबी जास्त दिसते, कारण समोरून डोक्यावर आणखी एक मजला चढतो.

(आयोजक घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, चार.)

मग लांबीचं झटपट सांगते, खरं तर व्याख्यान त्याचंच जाहीर झालं होतं. समोरून अंबाडा माथ्यावर दिसला तर चेहरा लांब होतो. दिसला नाही, तर केवळ अंबाड्याने लांबी वाढत नाही. दोन्ही बाजू चापून बसवल्या आणि वर थोडा फुगवटा ठेवला की लांबी आणखी वाढते. मुळात लांब चेहऱ्याच्या मुलीने हे टाळावं, अंबाडा मधल्या उंचीवर घ्यावा आणि कानांच्या वर केस थोडे सैल, भरीव ठेवावेत.

बांधायचं कसं? सगळे केस एका दमात आवळू नका. कानशिलापासून भोवऱ्यापर्यंतचा वरचा भाग आधी वेगळा घेऊन गोल्डन पॉइंटवर बांधा, आणि उरलेले केस त्यावर आणून दुसरं रबर लावा. ताण फक्त जिथे उपयोगाचा आहे तिथे, तोही जरा. हनुवटी थोडी वर करून बांधा. पुढे वाकून बांधलंत, तर सरळ झाल्यावर मानेकडचे केस ढिले पडून पिशवी लोंबते. बांधल्यावर भुवया वर करून पाहा, कपाळाला ओढ लागली तर दोन बोटांनी मुळांशी केस किंचित सैल करा.

आणि रोज आवळणाऱ्यांसाठी शेवटचं: कानशिलाकडे मुळांशी बारीक पुळ्या, खाज, तुटके आखूड केस दिसले, तर जागा बदला. केस ओढून टक्कल पडण्याचं पहिलं वर्णन 1907 सालचं, ग्रीनलंडमधल्या केस घट्ट बांधणाऱ्या बायकांचं. सुरुवातीला थांबलात तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलात तर मुळाशी व्रण होतो, मग येत नाहीत.

त्या नटीला पुढच्या प्रयोगाला मी सैल बांधलं, फक्त अंगठाभर मागे नेलं. पहिल्या अंकात ती पंचविशीची दिसली, दुसऱ्या अंकात मनसोक्त रडली. दिग्दर्शकांनी विचारलं, "आज चेहऱ्याला काय केलंस?" प्रश्नांना अजून दोन मिनिटं आहेत, आणि पहिल्या रांगेतल्या त्या ताईंनी आधी आपलं रबर सैल करावं. कपाळावरची शीर मला इथून दिसते आहे.