शिक्षकाचं ई-पुस्तक: आराखड्यापासून किमतीपर्यंत

नमस्कार. 34 वर्षं बीजगणित शिकवून मी निवृत्त झाले आणि ई-पुस्तक लिहायला बसले, तेव्हा पहिल्या कागदावर अख्ख्या अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका उतरली. तो कागद मी बाजूला ठेवला. अख्खा विषय पाठ्यपुस्तकात असतोच. मुलं नेमकी कुठे अडतात, ते वर्गात उभं राहिलेल्यालाच ठाऊक. म्हणून एकच भाग घेतला: शाब्दिक उदाहरणं.

हे बघा. ‘5 वर्षांनी आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल.’ मुलीचं आजचं वय x. आईचं तेव्हाचं वय मुलं लिहितात 3x + 5. हवं असतं 3(x + 5). त्यांना तिप्पट कळलेली असते, 5 मिळवायचे हेही कळलेलं असतं. आधी मुलगी मोठी होणार आणि मग तिप्पट करायची, हा क्रम निसटतो. ही एक चूक म्हणजे माझं एक प्रकरण. अशा 9 चुका निघाल्या आणि आराखडा तयार झाला. प्रत्येक प्रकरणात आधी चुकीचं उत्तर, ते का सुचतं, मग बरोबर मांडणी आणि सराव. सरावाची उदाहरणं मात्र स्वतः रचा. पाठ्यपुस्तकातली उचलून विकली, तर हक्कांचा प्रश्न येतो.

लिहिताना मी एक चूक केली. हाताने सोडवलेली गणितं फोटो काढून पानांत टाकली. फोनवर अक्षर मोठं केलं की बाकीचा मजकूर वाढायचा, फोटोतलं गणित तेवढंच बारीक! शिवाय फाइल 12 एमबीची झाली, आणि त्याचा फटका थेट किमतीत बसतो. कसा, ते सांगते.

लेखकाला स्वतःचं ई-पुस्तक थेट विकता येतं अशा ॲमेझॉनच्या केडीपी या सेवेवर, अमेरिकेतल्या विक्रीचं उदाहरण घेऊ. किंमत 2.99 ते 9.99 डॉलर ठेवली तर 70 टक्के रॉयल्टी निवडता येते. त्याबाहेर 35 टक्केच. पण 70 टक्क्यांत आधी फाइल वाचकापर्यंत पोहोचवण्याचा खर्च म्हणून दर एमबीला 15 सेंट वजा होतात. माझी किंमत 4.99. 12 एमबीचे 1.80 गेले, उरलेल्याचे 70 टक्के म्हणजे साधारण 2.23 डॉलर. मग सगळी समीकरणं टाइप केली, फक्त आकृत्या चित्र म्हणून ठेवल्या. फाइल 2 एमबीवर आली आणि हातात 3.28 पडू लागले. एका प्रतीमागे एक डॉलरहून जास्त फरक!

आणि ‘माझं पहिलंच पुस्तक’ म्हणून संकोचाने 1.99 लावू नका. तिथे 35 टक्क्यांनी जेमतेम 70 सेंट मिळतात, 4.99 ला एक प्रत विकून मिळतं, तेवढ्यासाठी जवळजवळ 5 प्रती विकाव्या लागतील.

किंमत भरण्याआधी फाइल ‘किंडल प्रीव्ह्यूअर’ या, पुस्तक वाचकाला कसं दिसेल ते दाखवणाऱ्या ॲमेझॉनच्या प्रोग्राममध्ये उघडा, फोनचा पडदा निवडा, अक्षर सर्वांत मोठं करा आणि कंसाची जोडी दोन ओळींत तुटते का, ते प्रकरणागणिक तपासा.