नाक गरम म्हणजे ताप नव्हे

मंडळी, मांजराची नाडी आणि श्वास घरी कसे मोजायचे ते सांगायला तुम्ही बोलावलंत, पण सुरुवात नाकापासूनच करतो, कारण माझं भांडण त्या नाकाशीच आहे. शहापुरात आमच्या गल्लीत मांजर जरा सुस्त दिसलं की शेजारच्या काकू येतात, नाकाला बोट लावतात आणि जाहीर करतात, "अंग तापलंय ओ!" मांजर उन्हातनं उठून आलेलं असतं, हे त्यांना कोण सांगणार? (हशा)

सोन्या, आमचा बोका. काकूंचं ऐकून मी त्याला टोपलीत घातलं, वरनं टॉवेल बांधला आणि रिक्षात बसलो. जुलैतला पाऊस, खड्डे, त्यात हा सगळ्या रस्त्यानं गुरगुरतोय. दवाखान्यात ताप भरला 103.2! मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, "भ्यालंय ते. घरी नेऊन निवांत झाल्यावर बघा." घरी दोन तासांनी बघितलं, तर 101.4. मांजराचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्याला अंथरुणात घालणारा आकडा त्याला रोजचाच.

तो बघायचा गुदद्वारात. काचेचं नको, डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलिन, साधारण इंचभर आत, बीप होईस्तोवर. एकानं टॉवेलात धरायचं, दुसऱ्यानं शेपटी उचलायची. चावायला लागलं तर सोडून द्या, मारामारी करून आलेला आकडा खोटाच असतो. आणि 104 च्या वर किंवा 99 च्या खाली असेल तर थेट डॉक्टर. घरातली पॅरासिटामोलची गोळी मात्र चुकूनही नको, अर्धी नको, पाव नको. मांजराला ती विषच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. आणि ज्याच्यासाठी बोलावलंत ते तर अजून राहिलंच!

नाडी मागच्या मांडीच्या आत, जांघेजवळ लागते. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणा, 140 ते 220. लागली नाही तर डाव्या कोपरामागं छातीवर हात ठेवा.

पण एकच मोजायचं तर श्वास मोजा, तोही गाढ झोपेत. हात लावायचा नाही. बरगड्या वर गेल्या, खाली आल्या की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. घुरघुरत असेल किंवा स्वप्नात पाय हलवत असेल तर थांबा. तीसच्या आत हवा. सोन्याचा नेहमी 22 यायचा, कॅलेंडरवर लिहिलेला असायचा. पुढच्या वर्षी एका रात्री 34. म्हटलं चुकलो असेन, तासाभरानं परत मोजला, 38. नाक तेव्हा गार होतं बरं का, जेवलाही होता. सकाळी एक्स-रे काढला, छातीत पाणी.

तोंड उघडून धापा टाकत असेल तर मोजत बसू नका, उचला आणि पळा. झालं, झालं, उतरतो.